वीज कडाडत होती आणि दोन बिशप 'नाही' म्हणाले

नमस्कार श्रोतेहो. आज मी तुम्हाला रोमला नेणार आहे, १८७० सालच्या रोमला, आणि तेही जुलै महिन्यात. त्या दिवसांत रोममध्ये इतकं उकडायचं की ज्याला जमेल तो शहर सोडून डोंगराकडे पळायचा. पण त्या वर्षी जगभरातून आलेले शेकडो बिशप तिथेच अडकून पडले होते, सात महिने झाले होते त्यांना येऊन, आणि एकाच प्रश्नावर सगळं अडलं होतं. पोप धर्माबद्दल जे अंतिम म्हणून सांगतात त्यात चूक होऊ शकते की नाही?

मला या गोष्टीतला एकच दिवस सांगायचाय, १८ जुलै. पण तो दिवस कळायला आधी थोडं मागे जावं लागेल, फार नाही.

पोप म्हटलं की आज आपल्याला व्हॅटिकनच्या खिडकीतून हात हलवणारा पांढऱ्या झग्यातला माणूस दिसतो. तेव्हा पोप राजेसुद्धा होते, खरेखुरे. इटलीच्या मधोमध त्यांचं राज्य होतं, सैन्य होतं, कर होते, तुरुंग होते. १८५९ पर्यंत त्या राज्यात तीसेक लाख लोक राहत होते. मग इटली एक करायची चळवळ जोरात आली आणि दीड-दोन वर्षांत बहुतेक मुलूख हातचा गेला. उरला रोम आणि भोवतालचा पट्टा, लोक सात लाखांच्या आसपास. आणि जे उरलं तेही स्वतःच्या बळावर नाही, तर फ्रेंच सैनिकांच्या बंदुकांवर. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याने रोममध्ये फौज ठेवली होती म्हणून इटलीचा राजा आत येत नव्हता. मध्ये करार करून १८६६ ला ती फौज काढून घेतली, तर पुढच्याच वर्षी इटली एक करू पाहणारा सेनानी गॅरिबाल्डी माणसं घेऊन चालून आला आणि फ्रेंचांना परत यावं लागलं. हे लक्षात ठेवा, फ्रेंच फौज आहे तोवर रोम आहे. पुन्हा सांगते, फ्रेंच फौज आहे तोवर रोम आहे.

आणि पोप कोण होते, तर नववे पायस. १८४६ ला निवडून आले तेव्हा लोक त्यांना सुधारक समजून नाचले होते, त्यांनी राजकीय कैदी सोडले होते. दोनच वर्षांत रोममध्ये क्रांती झाली, त्यांच्या मुख्य मंत्र्याचा, पेलेग्रिनो रोसीचा, भोसकून खून झाला, आणि खुद्द पोपना साध्या पाद्र्याच्या वेशात, परक्या राजदूताच्या गाडीतून रात्री पळून जावं लागलं. परत आले ते बदलून आले. मला नेहमी वाटतं की माणसाची मतं तो काय वाचतो यापेक्षा त्याला एकदा कशाची भीती बसली यावरून जास्त ठरतात, राज्यकर्त्यांचं तर नक्कीच, आणि इतिहासाच्या पुस्तकांत ही भीती कधी येत नाही, तहाच्या तारखा तेवढ्या येतात.

तर राज्य आटत चाललं आणि त्याच वर्षांत पोपचा धर्मातला शब्द मात्र वजनदार होत गेला. आता याचा अर्थ जमीन गेली म्हणून त्यांनी हे बदल्यात घेतलं असा सरळ हिशेब मांडू नका. फ्रान्समध्ये, इंग्लंडमध्ये असंख्य साध्या कॅथलिकांना मनापासून वाटत होतं की आपापली सरकारं चर्चला दाबतायत, तेव्हा आल्प्सपलीकडे एक असा माणूस हवा ज्याला कुठलंच सरकार गप्प करू शकणार नाही. मागणी खालूनही येत होती. पण राज्य जातंय हे डोळ्यांसमोर दिसत असताना ती मागणी तातडीची झाली, एवढं खरं.

८ डिसेंबर १८६९ ला कौन्सिल, म्हणजे जगभरच्या बिशपांची धर्मसभा, सुरू झालं, सेंट पीटर्समध्येच. त्या प्रचंड चर्चचा उजवीकडचा एक भाग लाकडी भिंत घालून अडवला आणि त्याचा हॉल केला. सातशेच्या आसपास बिशप. आणि पहिल्याच आठवड्यांत कळलं की कुणालाच काही ऐकू येत नाही! छत इतकं उंच की आवाज वर जाऊन हरवायचा, त्यात सगळी भाषणं लॅटिनमध्ये, आणि प्रत्येक देशाचा लॅटिनचा उच्चार वेगळा. शेवटी पडदे लावून हॉल लहान केला तेव्हा कुठे थोडं बरं झालं. मी आयुष्यभर मायक्रोफोनसमोर बसलेली बाई, म्हणून सांगते, मोठा हॉल बांधणारे लोक डोळ्यांसाठी बांधतात, कानांचा विचार कुणी करत नाही, आपली लग्नाची कार्यालयं बघा, तिथे मंगलाष्टकांतला एक शब्द धड ऐकू येईल तर शपथ. असो.

बिशपांत दोन तट पडले. मोठा तट म्हणाला, पोपचा धर्माबद्दलचा अंतिम शब्द चुकत नाही, हे सूत्र ठरवूनच टाकू. लहान तटात जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी, फ्रान्स, अमेरिका इथले बरेच बिशप होते. त्यातल्या बहुतेकांचं म्हणणं असं नव्हतं की पोप चुकतातच, त्यांचं म्हणणं होतं की आत्ता हे ठरवू नका, आमची सरकारं उखडतील, आमचे प्रॉटेस्टंट शेजारी तुटतील, आणि जुन्या इतिहासात काही पोपांनी केलेल्या चुकांचं उत्तर आम्ही कसं देणार. फ्रेंच सरकारलाही हे सूत्र नको होतं, पण रोममधली फौज काढून घ्यायची धमकी ते देऊ शकत नव्हतं, कारण घरचे कॅथलिक मतदार चिडले असते. म्हणजे ज्याच्या बंदुकांवर पोप उभे होते, तोच त्यांना अडवू शकत नव्हता.

१३ जुलैला चाचणीचं मतदान झालं. होकाराला लॅटिन शब्द 'प्लाचेत', म्हणजे पसंत आहे. 'नॉन प्लाचेत', पसंत नाही. ४५१ पसंत, ८८ नापसंत, आणि ६२ जण म्हणाले पसंत आहे पण बदल करा. दोन दिवसांनी लहान तटातले काही जण पोपना भेटायला गेले. जर्मनीतल्या माइन्झचे बिशप केटेलर, चांगला धिप्पाड माणूस, त्यांनी पोपपुढे चक्क गुडघे टेकले आणि विनवलं. मागणं छोटं होतं, सूत्रात चर्चच्या संमतीचा उल्लेख घाला. घातला नाहीच. उलट शेवटच्या घडीला एक वाक्य वाढवलं की पोपचे असे निर्णय स्वतःहून अटळ असतात, चर्चच्या संमतीमुळे नव्हे.

आता नापसंतवाल्यांनी काय करावं? १८ तारखेला खुद्द पोपसमोर, नाव पुकारल्यावर उभं राहून मत द्यायचं होतं. पंचावन्न बिशपांनी १७ ला पोपना पत्र लिहिलं, आमचं मत बदललेलं नाही, पण वडिलांच्या तोंडावर नाही म्हणणं आमच्याने होत नाही, म्हणून आम्ही जातो. आणि गेले, आपापल्या गावी. त्यांचा आदर खोटा होता असं मी म्हणणार नाही. पण मला विचाराल तर मतदानाच्या दिवशी उठून जाणं हे नाही म्हणणं नव्हे, मग ती सोसायटीची मीटिंग असो नाहीतर सेंट पीटर्स.

आणि उजाडला १८ जुलै, सोमवार. सकाळपासून आभाळ भरलेलं. सूत्र वाचून झालं, एकेका बिशपचं नाव पुकारायला सुरुवात झाली आणि त्याच वेळी वादळ फुटलं. विजा, गडगडाट, खिडक्यांतून निळा उजेड आत येतोय आणि पुन्हा काळोख. नाव पुकारलं जातंय, 'प्लाचेत', वरून गडगडाट. पुढचं नाव, 'प्लाचेत', पुन्हा गडगडाट. तासाभराहून जास्त वेळ हेच चाललं. एक, दहा, शंभर, तीनशे, सगळे प्लाचेत.

आणि मग काजाझो नावाच्या दक्षिण इटलीतल्या छोट्या गावचे बिशप रिच्चो यांचं नाव आलं, आणि ते म्हणाले, 'नॉन प्लाचेत.' पुढे कधीतरी आणखी एक नाव आलं, एडवर्ड फिट्झजेराल्ड. मूळचा आयर्लंडचा माणूस, वय अवघं छत्तीस, अमेरिकेतल्या आर्कन्सॉ राज्यात लिटल रॉक नावाच्या गावचा बिशप. जवळजवळ सगळे विरोधक निघून गेलेत, समोर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे पोप बसलेत, वर आभाळ फाटतंय. तो म्हणाला, 'नॉन प्लाचेत.'

५३३ विरुद्ध २. पुन्हा सांगते, ५३३ विरुद्ध २.

निकाल पोपपुढे नेला तेव्हा इतका अंधार झाला होता की त्यांना वाचायला मेणबत्ती आणून धरावी लागली. त्या उजेडात नवव्या पायसनी मंजुरी वाचली, बाहेर जमलेल्या लोकांनी जयघोष केला, मग प्रार्थनागीत सुरू झालं. वादळाचा अर्थ ज्याने त्याने आपापला लावला. कुणी म्हणालं देव रागावला, कुणी म्हणालं सिनाई पर्वतावर मोशेला आज्ञा मिळाल्या तेव्हाही असाच गडगडाट होता.

आणि ते दोघे? सूत्र मंजूर झाल्यावर ते पोपपुढे गेले. फिट्झजेराल्ड गुडघे टेकून म्हणाला, आता मानतो, होली फादर. मत विचारलं तेव्हा खरं मत दिलं, सभेने ठरवल्यावर ते मानलं. लिटल रॉक म्हणजे छोटा खडक, आणि पोप ज्या सेंट पीटरचे वारस मानले जातात त्या पीटर नावाचा अर्थच खडक, म्हणून पुढे लोक म्हणायचे की लिटल रॉक जाऊन मोठ्या खडकावर आपटला. मला तो आपटलेला वाटत नाही, मला तो त्या हॉलमधला सगळ्यात मोकळा माणूस वाटतो.

सूत्र नेमकं काय ते थोडक्यात सांगते, कारण याबद्दल गैरसमज फार. पोप प्रत्येक बाबतीत अचूक, असं त्यात नाही. सगळ्या ख्रिस्ती लोकांचे गुरू म्हणून, श्रद्धा किंवा नीती या विषयावर, सगळ्या चर्चने मानायचं असं अंतिम म्हणून ते जेव्हा जाहीर करतात, तेव्हाच. हवामान नाही, राजकारण नाही, रोम कोणाचं हेही नाही. तेव्हापासून आजवर अशी घोषणा उघडपणे एकदाच झाली, १९५० मध्ये, मारियामातेच्या स्वर्गारोहणाबद्दल.

आणि रोम कोणाचं याचा निकाल वेगळीकडेच लागत होता. वादळाच्या दुसऱ्याच दिवशी, १९ जुलैला, फ्रान्सने प्रशियाशी युद्ध पुकारलं. ऑगस्टमध्ये फ्रेंच फौज रोमच्या बंदरातून जहाजात चढून निघून गेली. आठवतंय ना, फ्रेंच फौज आहे तोवर रोम. २ सप्टेंबरला सेदान या गावी सम्राट नेपोलियन स्वतःच शत्रूच्या हाती सापडला. इटलीची फौज निघाली आणि २० सप्टेंबरला पहाटे पोर्ता पिया या वेशीजवळच्या तटावर तोफा डागायला लागली. पोपनी आपल्या सेनापतीला आधीच सांगून ठेवलं होतं, तटाला भगदाड पडेपर्यंतच लढा, उगाच रक्त नको. दहाच्या सुमारास भगदाड पडलं, पांढरं निशाण चढलं. त्या मतदानाला चौसष्ट दिवस झाले होते.

त्याच्या आदल्या दिवशी, १९ तारखेला, पोप रोममधल्याच लॅटरन या जुन्या चर्चपाशी गेले होते. तिथे एक पवित्र जिना आहे, अठ्ठावीस पायऱ्यांचा, येशूला रोमन सुभेदार पिलातापुढे नेलं तेव्हा तो याच पायऱ्या चढला असं मानतात, म्हणून लोक तो गुडघ्यांवर चढतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे नववे पायस त्या अठ्ठावीस पायऱ्या गुडघ्यांवर चढले. वर प्रार्थना केली, बाहेर थांबलेल्या आपल्या सैनिकांना आशीर्वाद दिला, आणि गाडीत बसून व्हॅटिकनला परतले. त्यानंतर आणखी सात वर्षांहून जास्त जगले, पण रोमच्या रस्त्यावर पुन्हा कधी दिसले नाहीत.