दूध बाधते, लस्सी पचते

समजा, समोर दोन पेले आहेत. त्यांपैकी एकात 250 मिलिलिटर साधे दूध आहे आणि दुसऱ्यात 150 ग्रॅम दही व पाणी घुसळून केलेली तेवढीच लस्सी. पहिला पेला रिकामा केल्यावर तास-दोन तासांत ज्यांचे पोट गुरगुरू लागते, फुगते आणि अनेकदा जुलाबही होतात, अशी माणसे दुसरा पेला बहुधा काही त्रास न होता पिऊ शकतात. लस्सी थंड असते, हे त्याचे नेहमीचे उत्तर. पण खरे कारण लहान आतड्यात शोधावे लागते.

दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती जशीच्या तशी रक्तात शोषली जात नाही. लहान आतड्याच्या अस्तरातील लॅक्टेज हे विकर आधी तिचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज असे दोन भाग करते. तान्ह्या बाळात हे विकर भरपूर असते. जगातील बहुसंख्य माणसांत मात्र अंगावरचे दूध सुटल्यानंतरच्या वर्षांत ते कमी होत जाते, आणि हा आजार नसून सस्तन प्राण्यांचा सर्वसाधारण नियम आहे. मोठेपणीही लॅक्टेज टिकवणारा जनुकीय बदल भारतात वायव्येकडे अधिक आणि दक्षिणेकडे व पूर्वेकडे कमी आढळतो; म्हणजे लस्सीसाठी प्रसिद्ध असलेल्या पंजाबातच तिची या कारणाने गरज तुलनेने कमी म्हणायची!

न फुटलेले लॅक्टोज आतड्यात पाणी ओढून घेते आणि मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर तिथले जिवाणू ते आंबवतात. त्यातून निर्माण होणाऱ्या वायूंपैकी हायड्रोजन आपल्या पेशी कधीच तयार करत नाहीत. त्यामुळे लॅक्टोज पाजल्यानंतर उच्छ्वासातील हायड्रोजन मूळ पातळीपेक्षा दशलक्ष भागांत 20 भागांनी वाढला, तर साखर पचली नाही असे मानले जाते.

आता पुन्हा त्या पेल्यांकडे वळू. दुधाच्या पेल्यात सुमारे 12 ग्रॅम लॅक्टोज आहे. विरजण लागताना जिवाणू त्यातला साधारण पाव हिस्सा वापरून त्याचे लॅक्टिक आम्ल करतात, आणि लस्सीत दह्याबरोबर पाणीही असल्यामुळे त्या पेल्यात पाच-साडेपाच ग्रॅमच उरते. लस्सीत घातलेल्या साखरेचा इथे संबंध नाही, कारण ती फोडणारे विकर वेगळे असते.

एवढ्यावर प्रश्न सुटला असे वाटेल, पण तसे नाही. अमेरिकेतील संशोधकांनी 1984 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लॅक्टेज कमी असलेल्या माणसांना 18 ग्रॅम लॅक्टोज एकदा दुधातून आणि एकदा योगर्टमधून दिले. साखर दोन्ही वेळा सारखीच असूनही योगर्टनंतर उच्छ्वासात आलेला हायड्रोजन दुधाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश होता. म्हणजे ती साखर मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचण्याआधीच कोणीतरी फोडत होते.

ते काम जिवाणूंचे होते. योगर्टमधील स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस या जिवाणूंजवळ लॅक्टोज फोडणारे स्वतःचे विकर असते. उघडे विकर जठरातील आम्लात नष्ट झाले असते; जिवाणूच्या पेशीत असल्यामुळे आणि दही स्वतः आम्लाची तीव्रता कमी करत असल्यामुळे ते तगते. पुढे लहान आतड्यात आम्लता उतरते, पित्तामुळे जिवाणूंचे आवरण सैल होते आणि विकर लॅक्टोजपर्यंत पोहोचते. शिवाय दही जठरातून दुधापेक्षा सावकाश पुढे सरकते, त्यामुळे या कामाला वेळही अधिक मिळतो.

हे सारे विरजणावर अवलंबून आहे. घरच्या दह्यात अनेक जातींचे जिवाणू मिसळलेले असतात, आणि त्यांतला लॅक्टोकॉकस लॅक्टिस लॅक्टोज पेशीत घेतानाच त्याला फॉस्फेट जोडून मग फोडतो, त्यामुळे आतड्यातल्या मोकळ्या लॅक्टोजसाठी त्याचे विकर फारसे उपयोगी पडत नाही. दोन घरांतले दही सारखेच आंबट असूनही एक पचते आणि दुसरे बाधते, यामागे हे एक कारण असू शकते. आंबटपणावरून आम्ल कळते, विकर नव्हे.

दुधातील प्रथिनांची ॲलर्जी असेल, तर मात्र लस्सीचा आधार घेऊ नये. ती प्रथिने दह्यातही असतात.

उष्णतेचा परिणाम विरजणाच्या परिणामाहून स्पष्ट आहे. आंबवल्यानंतर तापवून महिनोन्‌महिने टिकण्याजोगी केलेली डबाबंद लस्सी चवीला तीच असते, पण तिच्यातील जिवाणू मेलेले आणि विकर निकामी झालेले असते. उकळलेल्या कढीचेही तेच होते. तरीही कढी अनेकांना सोसते, याचे कारण तिच्यातील ताकाला भरपूर पाणी लावलेले असते आणि ती भाताबरोबर, थोडी थोडी पोटात जाते.