मागितले किती वेळा?
(पुण्यातील विवाह-समुपदेशकांच्या एका सभेतील व्याख्यान, संपादित)

मित्रहो, आजचा विषय पती-पत्नींच्या कामेच्छेतील तफावतीचा आहे. दोघांच्या भुकेच्या वेळा जुळत नाहीत म्हणून आपण कोणालाही दोषी धरत नाही. कामेच्छेच्या बाबतीत मात्र ज्याची इच्छा जास्त तो हावरट ठरतो आणि जिची कमी ती थंड ठरते. हे दोन्ही शब्द माझ्या खोलीत आल्यावर मी ते बाजूला ठेवायला सांगते.

एका जोडप्याची हकीकत त्यांच्या संमतीने आणि ओळखीच्या खुणा बदलून सांगते. तो अडतीस वर्षांचा, हिंजवडीत नोकरी. ती पस्तिशीची, बँकेत. सिंहगड रस्त्यावर दोन खोल्यांचे घर, घरात सासूबाई, आणि सहा वर्षांची मुलगी रात्री दोघांच्या मध्ये झोपणारी. पहिल्याच भेटीत तो म्हणाला, "हिला इच्छाच नाही." ती म्हणाली, "याला दुसरं काही सुचतच नाही." मी दोघांना वेगवेगळ्या कागदांवर एकच आकडा लिहायला सांगितला : गेल्या महिन्यात त्याने किती वेळा मागणी केली? त्याने लिहिले, तीन. तिने लिहिले, रोज.

दोघेही खरेच सांगत होते. त्याने बोलून दाखवलेल्या मागण्या मोजल्या होत्या. तिने ओट्याशी उभी असताना खांद्यावर पडलेला प्रत्येक हात मोजला होता, कारण तो हात पुढे कुठे जाणार हे तिला ठाऊक होते. म्हणून ती खांदा आक्रसून घेई, त्याला तो नकार वाटे, आणि नकाराने दुखावलेला माणूस रात्री अकरा वाजता, दिवा मालवल्यावर, पुन्हा विचारी. म्हणजे जवळीक कमी झाली होती ती केवळ संभोगापुरती नव्हती. साधा स्पर्शही घरातून गेला होता.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. कॅनडातील डॉक्टर रोझमेरी बॅसन यांनी २००० साली असे मांडले की दीर्घ सहवासातील अनेक स्त्रियांना इच्छा आधी होऊन मग जवळीक सुरू होते असे नसते. निवांतपणा आणि सुखद स्पर्श मिळाल्यावर इच्छा मागून जागी होते. काही पुरुषांचेही असेच असते. याचा अर्थ "सुरुवात तर कर, मग वाटेल" असा दबाव आणायचा नाही. स्पर्श होत असतानाही "नको" म्हणता आले, तरच तो स्पर्श सुखद राहतो.

त्या दोघांना मी अंथरुणात या विषयावर बोलण्याची मनाई केली. रविवारी सकाळी तळजाईच्या टेकडीवर चालताना बोलायचे, कारण शेजारी चालताना डोळ्यांत डोळे घालावे लागत नाहीत. आणि एका वेळी वीस मिनिटेच. वाक्य "तू कधीच" असे सुरू न करता "मला त्या वेळी असे वाटले" असे सुरू करायचे. तो म्हणाला, "तू कुशीवर वळतेस तेव्हा मला आपण नकोसे झालो असं वाटतं." ती म्हणाली, "मला तू नकोसा नाहीस. अकरा वाजता मला कोणीच नको असतं."

मग अमेरिकेतील लैंगिकता-संशोधक मास्टर्स आणि जॉन्सन यांनी १९७० साली मांडलेली रीत सांगितली : तीन आठवडे संभोग नाही, आळीपाळीने स्पर्श करायचा, तोही आधी लैंगिक अवयव वगळून. दुसऱ्या आठवड्यात बिघडले. तो दिवस मोजू लागला, आणि ते ओळखून तिने केवळ त्याचे मन राखण्यासाठी होकार दिला. अशा होकाराने पुढचा महिना अधिक कठीण होतो, कारण शरीर तो लक्षात ठेवते. आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली, आणि मुलीची गादी सासूबाईंच्या खोलीत गेली. तीन महिन्यांनी पुन्हा आकडे लिहून घेतले : त्याचा चार, तिचा पाच. त्याची इच्छा आजही तिच्यापेक्षा जास्तच आहे, पण ओट्याशी तिचा खांदा आता आक्रसत नाही.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, त्यामुळे शारीरिक कारणे घाईने सांगते. इच्छा पूर्वी होती आणि अलीकडेच ओसरली असेल, तर बोलण्याआधी तपासणी हवी. थायरॉईडचा विकार, नैराश्यावरील काही औषधे, अंगावर पाजण्याच्या काळातील कोरडेपणा, पुरुषांत मधुमेह किंवा कमी झालेले टेस्टोस्टेरॉन, यांवर संवादाचा उपाय चालत नाही. औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नये. संबंधांच्या वेळी दुखत असेल, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. जिथे दुखते तिथे इच्छा का होत नाही हे विचारणेच अन्यायाचे आहे. आणि जिथे नकाराची भीती वाटते, मारहाण किंवा जबरदस्ती आहे, तिथे ही तफावत नव्हे, आणि तिथे मी दोघांना एकत्र बसवत नाही.

शेवटी, पत्नीची इच्छा जास्त असलेली जोडपीही माझ्याकडे येतात. तिथे पती सहसा एकटा, दुसऱ्या भेटीनंतर येतो, आणि पहिली दहा मिनिटे कामाच्या ताणाबद्दल बोलतो. ती दहा मिनिटे त्याला बोलू द्यावीत.