फाइल कोणाची, नोकरी कोणाची

(सिएटल परिसरातील मंडळाच्या मेळाव्यात केलेलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडं संपादित.)

नमस्कार मंडळी. साबुदाणा वडे गरम आहेत तोवर संपवते.

जून २०१९ मध्ये आम्ही न्यू जर्सीत राहत होतो. मी औषधांच्या चाचण्यांचं संख्याशास्त्र बघते आणि नवरा पुलांचं डिझाइन करतो. एका मंगळवारी मला इथल्या एका कंपनीची ऑफर आली, दोन पायऱ्या वरची. उत्तर शुक्रवारपर्यंत हवं होतं. लेक तेव्हा चार वर्षांची.

बुधवारी रात्री सासूबाईंचा फोन आला. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी मुलाला एकच विचारलं, "अरे पण तू काय करणार तिथं?" आम्हाला राग आला, कारण ऑफर त्याला आली असती तर मला हे कुणीच विचारलं नसतं. प्रश्न मात्र बरोबर होता. त्याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं.

माझा पगार त्याच्यापेक्षा जास्त होता आणि ऑफरनंतर फरक आणखी वाढणार होता. त्यामुळे पगार बघितला की निकाल लागल्यासारखाच होता. पण हा निकष एकदा लावला की पुढच्या वेळीही तोच माणूस जिंकतो. एकजण घर हलवून पुढे जातो, दुसरा त्याच्यामागे येऊन खालच्या पगारावर लागतो, आणि पाच वर्षांनी पुन्हा हिशोब केला की आकडे आणखी एकतर्फी दिसतात. म्हणून आम्ही पगार बाजूला ठेवला. वहीच्या कागदावर दोघांचं नाव लिहून खाली एकच प्रश्न लिहिला : गेलं तर परत मिळेल का, आणि किती दिवसांत?

माझ्या बाजूला उत्तर सोपं होतं. माझा आय-१४०, म्हणजे ग्रीनकार्डासाठी कंपनीने माझ्या नावाने केलेला अर्ज, २०१७ मध्ये मंजूर झालेला, ग्रीनकार्डाच्या रांगेतली तारीख २०१६ ची. मंजुरीला १८० दिवस उलटून गेल्यावर जुन्या कंपनीने तो मागे घेतला तरी तारीख आपलीच राहते. नव्या कंपनीला पर्मपासून, म्हणजे त्याआधीच्या कामगार खात्याच्या मंजुरीपासून, सुरुवात करावी लागते, पण रांगेत आपण मागे जात नाही.

नवऱ्याची बाजू अवघड होती. त्याचं एच-१बी, म्हणजे सहा वर्षांचा कामाचा व्हिसा, ऑक्टोबर २०१४ पासूनचं, तेव्हा सहा वर्षं सप्टेंबर २०२० ला संपणार. सहा वर्षांच्या पुढे एक-एक वर्षाची वाढ हवी असेल तर पर्म किंवा आय-१४० तीनशे पासष्ट दिवस आधी दाखल झालेला असावा लागतो. त्याच्या कंपनीची पर्मसाठी लागणारी नोकरीची जाहिरात चालू होती. त्याने तेव्हा नोकरी सोडली असती तर ते सगळं वाया, आणि नवी कंपनी तीन महिन्यांत पर्म दाखल करेल याची काही शक्यता नव्हती. माझ्या आय-१४० वर त्याचं एच-१बी वाढेल, असं आम्ही धरून चाललो होतो. तसं नसतं. सहा वर्षांपुढची वाढ ज्याच्या नावाची फाइल त्यालाच मिळते, जोडीदाराला नाही. हे आम्हाला गुरुवारी सकाळी वकिलाकडून कळलं.

तिथेच वकिलाने दुसरी गोष्ट सांगितली. मंजूर आय-१४० माझा, म्हणून नवरा माझ्यावर एच-४, म्हणजे जोडीदाराचा व्हिसा, घेऊ शकतो आणि ईएडी या कामाच्या परवानगीच्या कार्डावर कुठेही नोकरी करू शकतो. ही सोय मे २०१५ पासून आहे. एच-४ वर असताना एच-१बीचं घड्याळ थांबतं. सहा वर्षांतले जेवढे महिने शिल्लक असतील ते तसेच राहतात. पुढे एखाद्या कंपनीने त्याचा पर्म आणि आय-१४० केला की तो एच-१बीवर परत जाऊ शकतो, तेही लॉटरीत नाव न घालता, कारण त्याचा नंबर आधीच लागून गेलेला आहे.

'डिपेंडंट' या शब्दाचीच आम्हाला भीती होती. सोळा वर्षं शिकून, इंजिनिअरचा परवाना काढून बायकोच्या व्हिसावर बसायचं! आणि त्या वर्षी एच-४ची ईएडी बंद करण्याचा सरकारी प्रस्तावही चर्चेत होता, त्यामुळे भीती नुसती मानापमानाची नव्हती.

दुसरा पर्याय होता : मी एकटीने यायचं आणि त्याचा आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस होईपर्यंत त्याने तिकडे राहायचं. जमेल तसा हिशोब केला तर साधारण चौदा महिने. फाइलसाठी हाच रस्ता जास्त पक्का होता. लेक चार वर्षांची, म्हणून आम्ही तो सोडला. कायद्याच्या नजरेने बघितलं तर कदाचित चूकच केली.

शुक्रवारी मी कंपनीला हो म्हणण्याआधी तीन गोष्टी पत्रात लिहून मागितल्या : रुजू होण्याची तारीख सप्टेंबर, माझा पर्म सहा महिन्यांत सुरू, आणि नवऱ्याच्या एच-४ व ईएडीचा वकिलाचा खर्च. तिसरी मागणी ऐकून तिकडची बाई जरा थांबली आणि म्हणाली, हे आजवर कुणी मागितलं नव्हतं. मिळाली.

कार्ड यायला फेब्रुवारी २०२० उजाडलं. २०१९ मध्ये एच-४च्या अर्जाला बोटांचे ठसे देणं नव्याने लागू झालं होतं आणि सगळं तुंबलं होतं. तोवर तो तिकडे एच-१बीवर काम करत राहिला, कारण एच-४ मंजूर झाल्याच्या दिवसापासून कार्ड हातात येईपर्यंत काम करता येत नाही. त्याचे आठ महिने शिल्लक राहिले. तो इथे आला आणि दोन आठवड्यांत कर्कलंडमधून कोविडच्या बातम्या सुरू झाल्या. पुढचे सात महिने त्याला नोकरी नव्हती. परवाना प्रत्येक राज्याचा वेगळा, वॉशिंग्टनचा अर्ज त्याने न्यू जर्सीतूनच केलेला, तो मिळाला. नोकऱ्याच नव्हत्या. सकाळी लेकीची शाळा लॅपटॉपवर, आणि दुपारी हा माणूस स्वयंपाकघरात बसून जुन्या पुलाची ड्रॉइंग उगाच पुन्हा तपासतोय. मी खोलीचं दार लावून मीटिंगमध्ये. ऑक्टोबरमध्ये लागला तो एक पायरी खाली. २०२२ मध्ये ईएडीचं नूतनीकरण लांबलं आणि अकरा आठवडे बिनपगारी घरी बसला. ज्यांना आता यातून जायचं आहे त्यांनी अर्ज सहा महिने आधीच तयार ठेवा. रिन्यूअलला आपोआप मिळणारी मुदतवाढही आता बंद झाली आहे. मी वकील नाही, तुमच्या तारखा तुमच्या वकिलाला दाखवा.

त्याच कंपनीने त्याचा पर्म आणि आय-१४० केला. २०२३ च्या सुरुवातीला तो एच-१बीवर परत आला. मागच्या आठ महिन्यांवर भागवावं लागलं नाही, आय-१४० मंजूर असल्यामुळे सरळ तीन वर्षं मिळाली.

त्या कागदाच्या तळाशी त्याने एक ओळ लिहिली होती : "पुढची पाळी माझी. पगार न बघता." खाली दोघांच्या सह्या आणि तारीख. मला तेव्हा ते पोरकट वाटलं होतं.

या दिवाळीत त्याला मिनिआपोलिसची ऑफर आली. मिसिसिपीवरचे पूल, आणि त्याच्या हाताखाली नऊ माणसं. माझ्या कंपनीचं तिकडे ऑफिस नाही. रिमोट काम दिलं तरी दुसऱ्या शहरासाठी माझ्या एच-१बीची दुरुस्ती करावी लागेल आणि पर्म कदाचित पुन्हा. आकडे अजूनही माझ्याच बाजूने आहेत, त्याचा नवा पगार धरूनही. मी दोन दिवस कारणं शोधत होते. शाळा, थंडी, कर्ज. तिसऱ्या दिवशी त्याने काही न बोलता फ्रिजवर तो कागद लावला, लोणच्याच्या बरणीच्या आकाराच्या चुंबकाखाली.

मार्चमध्ये आम्ही जातोय. रिमोटचं उत्तर अजून आलेलं नाही. तिकडे मंडळात कुणी ओळखीचं असेल तर जेवताना सांगा.