सोनोग्राफीच्या फोटोवर दोन वेगळी वयं का दिसतात?

(कॅमेऱ्यासमोर, हातात फोन)

फोनमध्ये जपून ठेवलेला सोनोग्राफीचा फोटो उघडला की नजर आधी त्या इवल्याशा पांढऱ्या आकाराकडे जाते. पण रात्रीची झोप उडवतात ते आजूबाजूचे आकडे. आज तेच वाचूया.

(स्क्रीनवर नमुना फोटो)

वर लिहिलंय `GA(LMP) 8w4d`, म्हणजे शेवटच्या पाळीपासून धरलेलं गर्भाचं वय, ८ आठवडे ४ दिवस. खाली `CRL 1.02 cm`, म्हणजे गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी, आणि त्यापुढे तिच्यावरून काढलेलं वय `7w1d`. दहा दिवसांचा फरक! लगेच मनात येतं, वाढ थांबली की काय?

थांबा. वरचा आकडा गर्भ मोजून आलेलाच नाही. शेवटच्या पाळीची तारीख टाइप केली, मशीनने तिथून दिवस मोजले, बस्स. हा हिशेब २८ दिवसांचं चक्र धरतो. पाळी ३८ दिवसांनी येत असेल तर स्त्रीबीज साधारण दहा दिवस उशिरा सुटतं, आणि हा फरक तिथेच मिटतो. तारीख चुकीची टाइप झाली, तरी असंच दिसेल.

(खालच्या भागावर झूम)

खालचा आकडा मात्र मोजलेला आहे. या दोन छोट्या फुल्या बघा. एक डोक्याच्या टोकाला, दुसरी बुडाच्या. या दिवसांत गर्भ रोज साधारण एक मिलिमीटर वाढतो, म्हणून फुली दोन मिलिमीटर सरकली तर वय दोन दिवसांनी बदलतं. गर्भाशेजारची छोटी गोल थैली, योक सॅक, चुकून मापात आली, तर वय उगीच वाढलेलं दिसतं.

मग पाळी नियमित आहे, तारीखही पक्की आहे, तर? तेव्हा हा फरक डॉक्टरांना जरूर दाखवा. वाढ होतेय की नाही, हे एका फोटोवरून कुणालाच सांगता येत नाही. त्यासाठी काही दिवसांनी पुन्हा मोजावं लागतं. आठवड्याने हीच CRL १७ मिलिमीटरच्या आसपास आली, तर गर्भ वाढतोय आणि आधीचा घोळ बहुधा वयाच्या हिशेबाचा होता.

हृदयाचे ठोके? स्थिर चित्रात ते दिसत नाहीत. फोटोखाली नागमोडी रेषांची पट्टी आणि `HR` लिहून आकडा असेल, तर त्या वेळी ठोके मोजले होते. पट्टी नाही म्हणून ठोके नव्हते, असं मात्र नाही. कदाचित तो फोटो सेव्हच केला नसेल.

आणि दोन फोटो शेजारी ठेवून ‘गर्भाची पिशवी लहान झाली’ असं ठरवू नका. मशीनवर झूम किंवा किती खोलवर बघायचं ते बदललं की तीच पिशवी वेगळी दिसते. कडेला खुणांची पट्टी असते, आकार तिच्याशी ताडून बघायचा असतो. फॉरवर्ड करताना फोटो क्रॉप झाला असेल, तर नेमकी तीच पट्टी गेलेली असते.