भाव चढत होता, तेव्हा विकत कोण होतं?

जुलै २०२२. यूट्यूबवर ‘द अ‍ॅडव्हायझर’ आणि ‘मनीवाइज’ या चॅनेलांवर एका छोट्या कंपनीचं कौतुक सुरू झालं. कंपनीचं नाव साधना ब्रॉडकास्ट. सांगितलं काय, तर अदानी समूह ही कंपनी विकत घेणार आहे. शिवाय एका मोठ्या अमेरिकी कंपनीने धार्मिक चित्रपटांसाठी ११०० कोटींचा करार केला आहे. दोन्ही बातम्या खोट्या होत्या. आणि त्या घराघरांत पोचाव्यात म्हणून यूट्यूबच्या जाहिरातींवर कोट्यवधी रुपये ओतले गेले होते.

सेबीच्या तपासात दिसलं, की खेळ त्याआधीच सुरू झाला होता. एकमेकांशी संबंध असलेली खाती आपापसांतच शेअर घेत-विकत होती. अशा शेअरमध्ये रोजचे व्यवहार अगदी थोडे होतात, म्हणून थोड्या पैशांतही भाव हलतो. व्हिडिओ पाहून कुणी चार्ट उघडलाच, तर चढता भाव दिसायचा आणि खात्री पटायची. ती खात्रीसुद्धा आधीच रचून ठेवलेली होती.

मग लोक आले. २,१६७ भागधारकांचे ५५,३४३ झाले. यांना शेअर विकले कुणी? काही प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांनी, आणि ज्यांच्याकडे मोठा हिस्सा होता त्यांनी.

टेलिग्राम किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर अशी टिप आली, तर बीएसईच्या वेबसाइटवर त्या कंपनीचं पान उघडा. आधी कंपनीच्या घोषणा बघा. शेकडो कोटींचा खरा करार झाला, तर कंपनीला तो शेअर बाजाराला कळवावा लागतो. बातमी ग्रुपवर आहे आणि तिथे नाही, तर तिथेच थांबा. मग कंपनीची वर्षाची विक्री बघा आणि करार तिच्याशी ताडून पाहा. वर्षाला काही कोटींचा धंदा करणाऱ्या कंपनीला कुणी ११०० कोटींचं काम का देईल?

त्याच पानावर भागधारकांचा तपशीलही असतो. प्रवर्तकांचा हिस्सा उतरतोय आणि छोटे भागधारक एकदम वाढलेत, ही जोडी फार वाईट. पण हा तपशील तिमाही संपल्यावर येतो. तेव्हा तो उघडेपर्यंत बऱ्याचदा माल तुमच्या गळ्यात पडलेला असतो.

आणि मग विकता येत नाही. समजा, २० रुपयांना घेतलेल्या शेअरला रोज ५ टक्क्यांचं लोअर सर्किट लागतंय, म्हणजे भाव त्या दिवसाच्या सगळ्यात खालच्या मर्यादेला जाऊन अडकतोय. पहिल्या दिवशी १९, दुसऱ्या दिवशी १८.०५, पाचव्या दिवशी साधारण साडेपंधरा. तुमची विक्रीची ऑर्डर रोज सकाळी रांगेत लागते, पण समोर घेणाराच नसतो. ग्रुपचा अ‍ॅडमिन मात्र लिहीत असतो, “घाबरू नका, होल्ड करा.”

साधना ब्रॉडकास्टच्या प्रकरणात सेबीचा अंतिम आदेश आला मे २०२५ मध्ये. व्हिडिओ आल्यानंतर जवळपास तीन वर्षांनी.