कापायचं की नुसतं दाबायचं?

[दृश्य: आर्गोनॉट-२ प्रथिन, खाचेत आरएनएचा आखूड धागा]

हे आर्गोनॉट-२. याच्या खाचेत जेमतेम २१-२२ न्यूक्लिओटाइडचा मार्गदर्शक आरएनए बसलाय. तो एसआयआरएनएमधून आला की मायक्रोआरएनएमधून, याच्याशी प्रथिनाला फारसं देणंघेणं नसतं. समोरचा एमआरएनए किती जुळतो, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

[दृश्य: धागा संथपणे जुळत जातो]

आधी मार्गदर्शकाचे क्रमांक २ ते ८ जुळतात. हा भाग म्हणजे सीड. जुळणी तशीच पुढे संपूर्ण झाली, तर मार्गदर्शकाच्या १० आणि ११ क्रमांकांसमोर एमआरएनए कापला जातो. तुकडे नष्ट होतात, आर्गोनॉट पुढच्या प्रतीकडे वळतो.

मधली जुळणी बिघडली, तर काप बसत नाही. तरीही सुटका नाही. आर्गोनॉट इतर प्रथिनांना बोलावून घेतो, भाषांतर मंदावतं, पॉली-ए शेपूट आखूड होत जाते आणि एमआरएनए हळूहळू संपतो. प्राण्यांतले मायक्रोआरएनए बहुतेक असंच काम करतात. वनस्पतींतले मात्र लक्ष्याशी जवळजवळ पूर्ण जुळतात आणि सरळ कापतात, म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका.

[दृश्य: पेशींची प्लेट, विभाजन थांबलेलं]

आता प्रयोग. एका जनुकाविरुद्ध एसआयआरएनए दिला, वेस्टर्न ब्लॉटवर त्याचं प्रथिन दिसेनासं झालं, पेशींचं विभाजनही थांबलं. ते जनुक विभाजनाला लागतं, असं लगेच म्हणायचं का?

थांबा, आधी हिशोब करू. सात अक्षरांचा ठरावीक क्रम योगायोगाने सरासरी १६,३८४ अक्षरांत एकदा येतो, म्हणजे ४ चा सातवा घात. एमआरएनएच्या शेवटचा, भाषांतर न होणारा भाग हजारेक अक्षरांचा धरला, तर साधारण दर सोळा जनुकांमागे एकात आपला सीड जुळेल. त्यातली सगळी दबतात असं नाही, आणि दबली तरी थोडीच. पण विभाजन थांबवायला त्यांतलं एखादं पुरेसं असतं. आपला एसआयआरएनए तिथे मायक्रोआरएनएसारखा वागलेला असतो.

[दृश्य: मार्गदर्शकाची ९, १०, ११ ही अक्षरं बदलतात]

हे पकडायची युक्ती मला फार आवडते. तोच एसआयआरएनए घ्यायचा. फक्त ९, १० आणि ११ या जागी पूरक अक्षरं घालायची. सीड शाबूत, कापण्याची ताकद गेली. लक्ष्य प्रथिन आता कमी होत नाही ना, हे ब्लॉटवर आधी बघायचं. ते पूर्ववत असूनही विभाजन थांबलेलंच असेल, तर दोष सीडचा. आपलं जनुक त्यात नाही.

विभाजन सुरू झालं तरी एक चाचणी उरते. त्याच जनुकाची अशी प्रत पेशीत घालायची, जिचे कोडॉन बदललेत पण अमिनो आम्लं तीच आहेत. एसआयआरएनए तिला ओळखत नाही. ती असताना मूळ एसआयआरएनए देऊनही पेशी विभागू लागल्या, तर जनुकाचं नाव निष्कर्षात लिहायला हरकत नाही.