कॅशलेसच्या दोन मंजुऱ्या

[दृश्य : मुंबई नाका परिसरातील एका रुग्णालयाचा तळमजला. काचेमागे टीपीए डेस्क, त्यापुढे रांग.]

निवेदन :
नाशिकमध्ये मुंबई नाक्याजवळच्या या रुग्णालयात प्रवेश करताच डाव्या हाताला जी काचेची खिडकी दिसते, तिला इथले सगळेच 'टीपीए डेस्क' म्हणतात. टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दाव्यांची कागदपत्रे हाताळणारी मध्यस्थ संस्था. काही कंपन्या हे काम स्वतःच्याच विभागाकडून करून घेतात, परंतु खिडकीचे नाव बदलत नाही. रुग्णाने बिल भरण्याऐवजी विमा कंपनीने ते थेट रुग्णालयाला द्यावे, ही कॅशलेसची सोय इथेच मागितली जाते.

आज या रांगेत अंबड औद्योगिक वसाहतीत काम करणारे ४१ वर्षांचे एक गृहस्थ आहेत. त्यांच्या पित्ताशयात खडे आहेत आणि दोन दिवसांनी दुर्बिणीची शस्त्रक्रिया ठरली आहे. त्यांची पॉलिसी ५ लाख रुपयांची असून ती २०२१ पासून खंड न पडता चालू आहे. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण पित्ताशयातील खड्यांसारख्या ठरावीक आजारांना बहुतेक पॉलिसींमध्ये पहिली दोन वर्षे संरक्षण नसते.

[दृश्य : फॉर्म भरणारे हात. हेल्थ कार्ड, आधार कार्ड, सोनोग्राफीचा अहवाल.]

निवेदन :
नियोजित शस्त्रक्रिया असेल तर साधारणपणे दोन ते तीन दिवस आधी, आणि तातडीने दाखल व्हावे लागले तर २४ तासांच्या आत विमा कंपनीला कळवावे, अशी अट पॉलिसीत असते. कळवण्याचे साधन म्हणजे हा प्री-ऑथ, म्हणजे पूर्वमंजुरीचा फॉर्म. त्यातील थोडाच भाग रुग्ण भरतो. आजार कोणता, तो कधीपासून आहे, कोणते उपचार होणार आणि अंदाजे खर्च किती, हे सर्व रुग्णालय व डॉक्टर भरतात. रुग्ण सही करतो आणि बहुतेक वेळा वरचा मजकूर न वाचताच करतो. आमच्या मते या संपूर्ण प्रक्रियेत वाचून पाहण्याजोगा कागद हाच आहे.

त्याचे कारण याच गृहस्थांच्या फॉर्ममध्ये दिसते. जुन्या आजारांच्या रकान्यात डॉक्टरांनी 'मधुमेह' एवढेच लिहिले होते. किती वर्षांपासून, ते लिहिले नव्हते. अंदाजे खर्च ९०,००० रुपये दाखवून फॉर्म ऑनलाइन पाठवला गेला आणि थोड्याच वेळात डेस्कवर 'क्वेरी' आली. मधुमेह पॉलिसी घेण्यापूर्वीचा की नंतरचा, असा विमा कंपनीच्या डॉक्टरांचा प्रश्न होता. पॉलिसी घेण्याआधीचा आजार पॉलिसीसाठी भरलेल्या प्रस्तावात लपवला गेला होता का, हे त्यांना पाहायचे असते.

[दृश्य : प्लास्टिकच्या पिशवीतून जुनी कागदपत्रे बाहेर येतात. एका चिठ्ठीवरील तारखेवर कॅमेरा स्थिरावतो.]

निवेदन :
क्वेरी आली म्हणजे दावा फेटाळला, असे रांगेतील अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो केवळ एक प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर कागदानेच द्यावे लागते. या गृहस्थांच्या पत्नीने घरातील सर्व चिठ्ठ्या एका पिशवीत जपल्या होत्या. मधुमेहाचे निदान झाले, त्या दिवसाची चिठ्ठी २०२३ ची, म्हणजे पॉलिसीनंतरची निघाली. तिची प्रत पाठवल्यावर पहिले मंजुरीपत्र आले. त्यावर रक्कम होती ५०,००० रुपये.

इथे नवख्या माणसाचा धीर सुटतो. ९०,००० मागितले आणि ५०,००० च मिळाले, तर उरलेले ४०,००० आपल्याला भरावे लागणार, असा हिशेब तो मनात मांडतो. डेस्कवरील ताईंना हा प्रश्न रोजचाच आहे. "दादा, ही सुरुवातीची मंजुरी आहे. फायनल बिल गेल्यावर रक्कम वाढून येईल," असे त्या सांगतात. पहिल्या मंजुरीचा अर्थ एवढाच, की दाखवलेला उपचार कंपनीने सकृद्दर्शनी मान्य केला असून रुग्णालयाने पुढे जाण्यास हरकत नाही. दरम्यान रुग्णालयाने अनामत रक्कम घेतली, तर तिची पावती जपून ठेवावी, कारण तिचा हिशेब शेवटच्या बिलात होतो.

[दृश्य : वॉर्डचा मार्ग. दोन खाटांची खोली. मग एक मोठी, एकट्याची खोली.]

निवेदन :
शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी खोली निवडायची असते. या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये आहे. या गृहस्थांनी ४,००० रुपयांची दोन खाटांची खोली घेतली. समजा, त्यांनी ८,००० रुपयांची खोली घेतली असती, तर दोन दिवसांचे वरचे ६,००० रुपयेच आपले, असे कुणालाही वाटेल. पण बहुतेक अशा पॉलिसींमध्ये खोलीच्या दर्जानुसार बदलणारे इतर खर्चही, जसे सर्जनची फी, शस्त्रक्रियागृहाचे शुल्क आणि परिचर्या, त्याच प्रमाणात कापले जातात. ८,००० पैकी ५,००० म्हणजे साडेबासष्ट टक्के. हे खर्च ४८,००० रुपये धरले, तर कंपनी ३०,००० देईल आणि १८,००० रुग्णाच्या अंगावर पडतील. खोलीच्या फरकासह ते झाले २४,०००. औषधे, तपासण्या आणि शरीरात बसवायची साधने यांना ही कपात लागू होत नाही. खोली ठरवण्यापूर्वी पॉलिसीतील ही एक ओळ डेस्कवर दाखवून खात्री करून घेतली, तर पुढचा वाद टळतो.

[दृश्य : सकाळची फेरी. डॉक्टर फाइलवर लिहितात. दहाची वेळ दाखवणारे घड्याळ. प्रतीक्षाकक्षातील माणसे.]

निवेदन :
तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला डॉक्टर म्हणतात, "आज घरी जा." नातेवाईक सामान आवरतात आणि मग तासन्तास बसून राहतात. विमा नियामक प्राधिकरणाने मे २०२४ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या पहिल्या विनंतीवर कंपनीने एका तासात, तर डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यायचा असतो. मात्र हे तीन तास डॉक्टरांच्या शब्दापासून मोजले जात नाहीत. रुग्णालयाची अंतिम विनंती कंपनीकडे पोहोचली, की त्यांची मोजणी सुरू होते. त्याआधी डिस्चार्ज समरी टाइप व्हायची असते, न वापरलेली औषधे परत जायची असतात आणि बिल तयार व्हायचे असते. म्हणून उशीर होऊ लागला, तर डेस्कवर एकच गोष्ट विचारावी : फायनल बिल कंपनीला किती वाजता गेले? अडकलेली फाइल रुग्णालयात आहे की कंपनीकडे, हे त्या उत्तरावरून कळते. तीन तासांपलीकडे कंपनीमुळे उशीर होऊन रुग्णालयाने जादा आकारणी केली, तर ती कंपनीने सोसायची आहे.

[दृश्य : प्रिंटरमधून अंतिम मंजुरीपत्र बाहेर येते. बिलावर फिरणारे बोट.]

निवेदन :
अंतिम बिल ९६,४०० रुपयांचे झाले आणि मंजुरी आली ९२,५५० रुपयांची. उरलेल्या ३,८५० रुपयांत हातमोजे, नोंदणी शुल्क, सोबत राहिलेल्या पत्नीचे जेवण अशा बाबी होत्या, ज्या पॉलिसीत देय नसतात. ते भरून या गृहस्थांनी मूळ फाइल रुग्णालयाकडे राहण्यापूर्वी डिस्चार्ज समरी, बिल आणि अहवालांच्या प्रती मागून घेतल्या. घरी गेल्यानंतरची औषधे व तपासण्या यांचा खर्च पॉलिसीत ठरलेल्या दिवसांपर्यंत, बहुधा ६० दिवस, बिले सादर करून परत मागता येतो आणि तेव्हा याच प्रती लागतात.

कॅशलेस नाकारले गेले, तरी स्वतः बिल भरून नंतर भरपाईचा दावा करता येतो. तोही फेटाळला गेला, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे आणि तिथे समाधान न झाल्यास विमा लोकपालांकडे विनाशुल्क दाद मागता येते.